गॅरेजचा कोबा आणि नऊ दिवस अडलेला प्लास्टिकचा कागद

रत्नागिरीजवळच्या गावी, घराला लागून बांधलेल्या गॅरेजच्या जमिनीचे काम मी गेल्या मार्चमध्ये करून घेतले. खोली 3.6 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब. माती काढणे, दगडी सोलिंग आणि त्यावर मुरूम टाकून धुमसणे ही कामे चार दिवसांत उरकली. पुढे सगळे अडले ते एका कागदापाशी.

माझी मागणी साधी होती: काँक्रीटच्या खाली 250 मायक्रॉनचा पॉलिथीन कागद हवा. आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीतला ओलावा वर चढतो, आणि जुन्या पडवीत तळाशी ठेवलेली पोती दरवर्षी कुजतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दुकानदाराने "एकदम जाड" म्हणून जे भेंडोळे पाठवले, ते हातात घेतल्यावर शंका आली. परंतु जाडी बोटांनी कशी ठरवणार? तेव्हा हिशेब मांडला. या कागदाचा एक चौरस मीटर तुकडा 250 मायक्रॉन जाडीचा असेल, तर त्याचे वजन सुमारे 230 ग्रॅम भरते. भिंतीवर चारही बाजूंनी 200 मिलिमीटर वर घ्यायचा कागद आणि जोडावर 300 मिलिमीटर एकमेकांवर चढवायचा भाग धरून मला साधारण 27.5 चौरस मीटर कागद लागत होता, म्हणजे वजन सव्वासहा किलोच्या आसपास हवे. मोजमापाने कागद पुरेपूर होता, वजन मात्र तीन किलो. जाडी निम्म्यालाही पोहोचत नव्हती.

दुकानदाराने प्रथम काटा चुकला म्हटले, मग असाच कागद सगळे नेतात म्हटले, आणि शेवटी दुसरा मागवतो असे सांगून नऊ दिवस काढले. या नऊ दिवसांत अंथरून ठेवलेल्या क्रश सँडवरून कुत्री, मुले आणि आमचे गवंडीकाका सगळेच फिरले. काका रोज एकच सल्ला देत होते, "कागद वाळूच्या खाली टाका, म्हणजे फाटणार नाही, आणि पातळ असला तरी चालेल." हा सल्ला ऐकायला बरा वाटला, तरी मी तो मानला नाही. कागदावर वाळू राहिली की काँक्रीटचे आणि नंतर मारायचे पाणी त्या वाळूत ताटात साचावे तसे साचून राहते, आणि तोच ओलावा पुढे कित्येक महिने वर येत राहतो. वाळूचे काम कागदाच्या खालीच असते: मुरुमातले टोकदार खडे झाकणे आणि सपाट बैठक देणे. त्यासाठी ओलसर करून दाबलेला 50 मिलिमीटरचा थर पुरतो.

पायांनी उखडलेली ती वाळू पुन्हा समतल करताना खरा धोका लक्षात आला. काँक्रीटची जाडी कागदावर ठरत नाही, खालच्या बैठकीवर ठरते. एका मोटारीसाठी 100 मिलिमीटर चालते. मी 125 धरली, म्हणजे काँक्रीट 2.7 घनमीटर. परंतु जिथे वाळू 25 मिलिमीटर वर आली असेल, तिथे जाडी 100 वरच येते, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तो तेथे जवळजवळ 64 टक्क्यांवर उतरतो. म्हणून दोरी ताणून दर अर्ध्या मीटरवर पट्टीने खोली मोजली. दाराकडे दिलेला 60 मिलिमीटरचा उतारही बैठकीतच केला. तो काँक्रीट पातळ करून देऊ नये, ही गोष्ट काकांना दोनदा सांगावी लागली.

कागद आल्यावर जोड टेपने चिकटवले आणि जाळीच्या बाइंडिंग तारेची टोके वर वळवून घेतली. ती खाली राहिली तर तीच कागद भोसकतात. एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: कागदामुळे पाणी खाली मुरत नाही, म्हणून काँक्रीट पातळ कालवू नये, आणि वर आलेले पाणी जाईपर्यंत थापी मारण्याची घाई करू नये. आमच्याकडे दुपारी एकला टाकलेल्या काँक्रीटचे शेवटचे घोटकाम संध्याकाळी साडेसहाला झाले, आणि माझा संयम त्याआधीच संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी 6 मीटरच्या मध्यावर आडवी, सुमारे 30 मिलिमीटर खोल खाच कापली, आणि दहा दिवस पाणी साठवून ठेवले. गाडी मात्र 28 दिवसांनीच आत आणली.

जुलैत कोब्यावर ओल दिसल्याने पोटात गोळा आला. हातभर प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवला. पाण्याचे थेंब त्याच्या वरच्या बाजूला होते, खालची बाजू कोरडी. ती ओल हवेतली होती, जमिनीतली नव्हती.