सहा मिलिमीटर जास्तीचे

सातवीत आमच्या गणिताच्या बाईंनी एका तासाला फळ्यावर काहीच लिहिलं नाही. "डब्यांची झाकणं काढा," म्हणाल्या. लालबागच्या वाण्याकडच्या पुड्यांची सुतळी मी घरून आणली होती. माझ्या बाकावर स्टीलच्या डब्याचं झाकण आणि औषधाची एक रिकामी बाटली होती. व्यास मोजायला बाईंनी दोन गुण्ये दिले. वस्तू त्यांच्यामध्ये अलगद धरायची आणि गुण्यांमधलं अंतर मोजायचं, कारण नुसती पट्टी ठेवली की ती मध्यावरूनच गेली का, हे कळत नाही. झाकण 10.5 सेंटीमीटर भरलं, बाटली 2.8.

मग सुतळी गुंडाळली, खूण केली, सरळ करून मोजली. झाकणाचा परीघ 33.6, बाटलीचा 9.4. परिघाला व्यासाने भागलं, तर भागाकार आले 3.2 आणि 3.36. "बाई, दोन्हीचं वेगळं येतंय," मी म्हटलं. त्यांनी ते खोडू दिलं नाही.

नंतर कागदाच्या अरुंद पट्ट्या आल्या. पट्टी घट्ट गुंडाळायची, टोकं एकमेकांवर येतात तिथे दोन्ही थरांतून टाचणी टोचायची आणि उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. आता झाकण 33.0, बाटली 8.8. दोन्ही भागाकार 3.14.

बाईंनी विचारलं, "सुतळीने किती जास्त दिलं?" झाकणाला 6 मिलिमीटर आणि बाटलीलाही 6 मिलिमीटर! एवढ्या मोठ्या झाकणाला आणि एवढ्याशा बाटलीला चूक सारखीच कशी, याने मी अक्षरशः हैराण झालो. उत्तर माझ्या बाकावरच्या मित्राने दिलं. सुतळी 2 मिलिमीटर जाड. तिची मधली रेघ वस्तूपासून सगळीकडे 1 मिलिमीटर बाहेर, म्हणजे व्यास 2 ने वाढला. व्यास 2 ने वाढला की परीघ तिपटीहून थोडा जास्त वाढणार, मग वस्तू केवढीही असो. आमच्या चुकीतही तेच गुणोत्तर होतं. बाटली लहान म्हणून तिच्या भागाकारात ते 6 मिलिमीटर जास्त बोचले, एवढंच. कागदाच्या जाडीनेही फरक पडतो, पण तो आमच्या पट्टीवर दिसण्याइतका नव्हता.

शेवटी बाईंनी झाकणाच्या पट्टीवर व्यासाएवढ्या घड्या घालायला लावल्या. तीन बसल्या, दीड सेंटीमीटर उरलं. तो उरलेला तुकडा कापून व्यासावर सरकवत मोजला, तर सात वेळा बसला. तीन पूर्णांक एक सप्तमांश, म्हणजे बावीस सप्तमांश, माझ्या हातात होतं. मी विचारलं, "बाई, बरोब्बर सात वेळा?" त्या म्हणाल्या, "नाही, सातांनंतरही अगदी थोडं उरतं. पण ते तुझ्या घडीचं आहे की वर्तुळाचं, हे या पट्टीवरून नाही सांगता येणार."