आगराची कथा, दोन काळ: क्रियापदांची वाटणी आणि विहिरीचा हिशेब

दीर्घकथेचा दुसरा खर्डा पूर्ण झाला आहे. साधारण नऊ हजार शब्द, चौदा तुकडे. विषम क्रमांकाचे तुकडे जुन्या काळातले, सम क्रमांकाचे नव्या. जुना धागा वैशाख 1965 ते ज्येष्ठ 1966 असा वर्षभराचा आहे. हर्णैजवळच्या एका काल्पनिक गावात, पोफळीच्या आगरात, कुसुम नावाची सतरा वर्षांची मुलगी लग्न होऊन येते. नवा धागा जेमतेम बारा दिवसांचा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, अर्ध्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, आणि कुसुमची नात अनघा उरलेलं आगर साफ करते आहे.

या टप्प्यावर कथानकापेक्षा जास्त काम सांध्यांवर, म्हणजे एका काळातून दुसऱ्या काळात जाण्याच्या जागांवर झालं, म्हणून ही नोंद सांध्यांचीच.

तुकड्यांवर '1965' आणि '2020' असे मथळे द्यायचे की नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मथळे दिले आहेत, पण त्यांच्यावर भार टाकलेला नाही. वाचक मथळ्यावरून नजर सरकवून पहिल्या वाक्यावर जातो, आणि कथा कुणी वाचून दाखवत असेल तर मथळा दोन वाक्यांत विसरला जातो. काळ पहिल्याच वाक्यातून कळला पाहिजे. त्यासाठी मराठीत सगळ्यात भरवशाचं साधन क्रियापद आहे.

नवा धागा वर्तमानकाळात आहे: अनघा वाकते, उचलते, थांबते. जुना धागा भूतकाळात. एवढी वाटणी बरेच जण करतात आणि तरी वाचक हरवतो, कारण नव्या धाग्यातही मागचं सांगावं लागतंच. 'इथे फणस होता, त्याच्याखाली बाज टाकलेली होती' अशी दोन वाक्यं वर्तमानकाळी तुकड्यात आली की वाचकाला वाटतं आपण 1965 मध्ये पोचलो. वादळाआधीचं आगर दाखवल्याशिवाय तर गत्यंतर नाही.

यावर उपाय म्हणजे मागच्या सवयी सांगायची मराठीतली दोन रूपं दोन धाग्यांना वाटून देणं. 'होई, येई, करी' हे रूप फक्त जुन्या धाग्याचं. 'असायचा, यायची, करायचे' हे फक्त नव्या धाग्याचं. म्हणजे कुसुमच्या आगरात 'रहाट पहाटे सुरू होई', आणि अनघाच्या आठवणीत 'फणसाखाली बाज असायची'. दोन्ही रूपं वाचकाच्या कानात आधीपासून आहेत. पहिलं जुन्या पुस्तकी गद्याचं, दुसरं रोजच्या बोलण्यातलं. त्यामुळे नियम समजावून सांगावा लागत नाही, दोन-तीन तुकड्यांत तो आपोआप बसतो.

या रूपाची मर्यादाही मोठी आहे. 'होई' मध्ये सवय सांगता येते, घटना नाही. 'त्या दिवशी इंजिन बंद पडे' असं लिहिता येत नाही. शिवाय सलग पाच-सहा वाक्यं त्यात गेली की गद्य जडशीळ होतं. म्हणून प्रत्येक जुना तुकडा 'होई'च्या एक-दोन वाक्यांनी उघडतो आणि लगेच साध्या भूतकाळात उतरतो. 'गेला होता, आली होती' ही रूपं जुन्या धाग्यात फक्त लग्नाआधीच्या गोष्टींसाठी ठेवली आहेत, तीही सलग दोन वाक्यांपुरती. त्यापुढे साधा भूतकाळ पुरतो, कारण तोवर वाचकाला आपण कुठे आहोत ते कळलेलं असतं.

चौथ्या आणि पाचव्या तुकड्यातला सांधा जवळून पाहण्यासारखा आहे. चौथा असा संपतो:

'अनघा उपटलेल्या मुळांशी वाकते. माती सुटली आहे आणि खाली घडीव दगडांची गोलाकार ओळ दिसते आहे. आत कुठेतरी पाणी आहे.'

पाचव्याची सुरुवात आधी अशी होती: 'विहिरीचा काठ ओला होता. शेवाळावरून पाय सरकत होता.' वस्तूवरून वस्तूवर जाणारा सांधा म्हणून वाक्य आकर्षक वाटतं, पण ते फसवं आहे. ओला काठ जूनमधल्या अनघाच्या विहिरीलाही लागू पडतो. तिसऱ्या वाक्यात रहाटाचा बैल आल्यावर वाचक चमकतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो. गोंधळ ओळखायची खूण हीच आहे: वाचक त्याच तुकड्याची पहिली ओळ पुन्हा वाचतो. आता तिथे आहे:

'रहाट पहाटेच सुरू होई. कुसुमला त्याची कुरकुर माजघरात ऐकू येई. लोटे भरून वर येत, पन्हळीत रिते होत आणि पाणी पाटाने पोफळींपर्यंत जाई.'

पहिल्या वाक्यात क्रियापद, दुसऱ्यात नाव. वस्तू तीच राहिली, पण काळ ठरवण्याचं काम तिच्याकडे राहिलं नाही. वस्तूने दोन काळ जोडावेत, ओळख मात्र क्रियापदाने आणि नावाने पटवावी.

नावांची भानगड आपल्याकडे विशेष आहे, कारण त्या काळात लग्नात मुलीचं नाव बदलत. कुसुम सासरी उमा झाली. नव्या धाग्यात शेजारी 'उमाकाकूंच्या वेळची विहीर' म्हणतात. वाचकाला कुसुम आणि उमा या दोघी वाटल्या तर कथा तिथेच तुटते. म्हणून ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो तो प्रसंग पहिल्याच तुकड्यात घेतला आहे, दुसऱ्या तुकड्यात 'उमाकाकू' हा शब्द यायच्या आधी. त्यानंतर निवेदन जुन्या धाग्यात शेवटपर्यंत 'कुसुम'च म्हणतं. सासरची माणसं संवादात 'उमा' आणि 'वहिनी' म्हणतात, तेवढंच. नव्या धाग्यात निवेदन 'आजी' म्हणतं. निवेदनात 'कुसुम' दिसली की काळ जुना, याला एकही अपवाद नाही.

नात्यांच्या शब्दांनाही हीच शिस्त लागते. नुसतं 'आई' दोन्ही धाग्यांत आलं तर एकदा ती कुसुमची आई असते, एकदा अनघाची. कुसुम आपल्या आईला 'माई' म्हणते, म्हणून 'आई' हा शब्द नव्या धाग्यापुरता मोकळा झाला. पैशांच्या खुणेवर मात्र विसंबू नये. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली, तरी 1965 मध्ये बोलण्यात 'चार आणे' होतेच, आणि आजचं म्हातारं माणूसही तसं म्हणू शकतं.

आता विहीर. दोन काळांच्या कथेत वाचकाला कोणती गोष्ट कधी कळते, याचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. त्यासाठी वहीत तीन रकाने पुरतात: तुकड्याचा क्रमांक, त्यात वाचकाला पहिल्यांदा काय कळतं, आणि तुकडा संपताना त्याच्या मनात कोणता प्रश्न उरतो. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुढची उडी वाचकाला नकोशी होते. कारण न देता दुसऱ्या काळात नेलं की तो घाईने वाचत सुटतो, खुणा गाळतो, आणि नेमका तेव्हा गोंधळतो.

आपल्या कथेत तिसऱ्या तुकड्यात 'दोन्ही रहाट' असा शब्द एकदाच, जाताजाता येतो. नव्या धाग्यात एकच विहीर आहे, आणि तीही पडलेल्या पोफळींनी, कुजणाऱ्या झावळ्यांनी भरली आहे. चौथ्या तुकड्यात फणस उन्मळल्याने दुसरी सापडते. तिच्या तोंडावर माडाचे ओंडके आडवे टाकून वर माती लोटलेली होती, ते ओंडके कुजून खचले आहेत. प्रश्न: बुजवली का? पाचव्यात ती चालू दिसते. सातव्यात, दिवाळीनंतर, सासरे ऑइल इंजिन आणतात. रहाट सावकाश उपसतो, तेवढ्यात झरे विहीर भरून काढतात. इंजिन भराभर उपसतं, गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्राकडचं खारं पाणी झऱ्यांत शिरतं. नवव्या तुकड्यात, चैत्रात, कुसुमला पाणी मचूळ लागतं. अकराव्यात पोफळींच्या झावळ्या टोकांकडून करपतात, माड मात्र तग धरतात. तेराव्यात पावसाच्या तोंडावर विहीर बुजवली जाते.

खरा ताण नवव्यानंतर सुरू होतो. जूनच्या पावसाचं गोडं पाणी विहिरीत वरच्या थरात साचतं, म्हणून दहाव्या तुकड्यात अनघा ओंजळभर पाणी चाखते तेव्हा ते गोड लागतं. तिला आनंद होतो. उन्हाळ्यात पंप लावला की काय होईल हे वाचकाला माहीत आहे, तिला नाही. हे कळणं एक तुकडा उशिरा ठेवलं असतं तर दहावा तुकडा नुसता आनंदाचा झाला असता आणि अकरावा नुसता खुलाशाचा.

यात एक भोक होतंच: आजी हयात आहे, बहात्तर वर्षांची, तिला फोन करून विचारलं की गोष्ट संपते. जुन्या धाग्यातलं माणूस नव्या धाग्यात जिवंत असेल तर या प्रश्नाचं उत्तर लवकर आणि स्पष्ट द्यावं लागतं. 2020 ने ते दिलं. आजी टाळेबंदीत मुंबईला मुलीकडे अडकली आहे, वादळाने वीज गेली आहे आणि मोबाईलला रेंज नाही. ही तिन्ही कारणं दुसऱ्या तुकड्याच्या पहिल्या परिच्छेदात आली आहेत. ती आठव्यात आली असती तर सोयीसाठी शोधल्यासारखी वाटली असती. रेंज नसल्याचं वाक्य अगदी पहिलं ठेवल्याने नव्या काळाची ओळखही तिथेच पटते.

लांबीचं थोडक्यात. पहिले चार तुकडे पाचशे-सहाशे शब्दांचे आहेत, म्हणजे अदलाबदलीचा ताल लवकर कळतो. मधले आठशेपर्यंत जातात. एका काळात सलग बाराशे शब्दांपुढे गेलं की दुसऱ्या काळातली माणसं पुन्हा ओळख करून द्यावी लागतात. तेरावा मुद्दाम तीनशेच शब्दांचा आहे, कारण विहीर बुजवली जाणार हे वाचकाला चौथ्यापासून माहीत आहे. तिथे रेंगाळण्यासारखं फक्त कुसुमचं ओंडक्यांकडे पाहत उभं राहणं आहे.

तपासणीसाठी प्रत्येक तुकड्याची पहिली दोन वाक्यं वेगळ्या चिठ्ठीवर, मथळ्याशिवाय लिहिली. चिठ्ठ्या पिसून कथा न वाचलेल्या माणसाला दिल्या आणि 'जुनं की नवं' एवढंच विचारलं. नुसतं उत्तर पाहू नये, उत्तराला लागलेला वेळही पाहावा. बरोबर पण अडखळत आलेलं उत्तर म्हणजे खूण अजून दुसऱ्या वाक्यात लपलेली आहे. सहावी आणि बारावी चिठ्ठी अशी अडखळली. सहाव्यात अनघाचं नाव तिसऱ्या वाक्यात येत होतं, ते पुढे ओढून झालं. बारावा तुकडा वडिलांच्या संवादाने उघडतो: 'पंप लावून बघूया की.' हेच वाक्य 1965 मध्ये सासऱ्यांच्या तोंडीही शोभलं असतं. तो प्रतिध्वनी हवा आहे, म्हणून वाक्य काढायचं नाही. त्याच्या आधी 'अनघाचे बाबा वायर गुंडाळत म्हणतात' एवढं जोडून बाराव्याची चिठ्ठी पुन्हा नव्या माणसाला द्यायची आहे, आणि त्यानंतर तिसऱ्या खर्ड्यात बाराव्या-तेराव्याचा सांधा हातात घ्यायचा.