नऊ वाजता घरी

आमच्या मंडळाचं वर्ष गणपतीत सुरू व्हायचं आणि कोजागरीला त्याचा हिशेब मिटायचा. पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवर पातेल्यात दूध आटत असे, मी खजिनदार म्हणून पावतीपुस्तकं घेऊन बसत असे, आणि खर्च वाचून झाला की कुणीतरी हमखास विचारायचं, "मांडवाचे एवढे?" तेवढ्यात दूध खाली लागायचं. दरवर्षी.

ही गच्ची परवा पुन्हा आठवली ती मंडळातल्याच दादांच्या थोरलीच्या लग्नात. आपल्याकडे मुलीच्या बापानं लग्नात बोलायची रीत नाही. तो वाढप्यांमागे धावतो, व्याह्यांना पान खाल्लंत का विचारतो आणि शेवटी डोळे पुसतो. दादांनी मात्र पंगत बसायच्या आधी माइक मागून घेतला. कानपिळी नुकतीच झाली होती, जावयाचा कान अजून लाल होता.

"मुलासारखी वाढवली असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "सुरुवातीला मी तिला मुलीसारखीच वाढवली, आणि ते तिनं मला हिशेबात दाखवून दिलं."

मग त्यांनी ते वर्ष सांगितलं. पोरगी सोळाची, पथकातलं पहिलंच वर्ष. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव. ढोल कमरेला बांधून एका हातात टिपरू धरायचं आणि दुसऱ्या हातानं थाप द्यायची. बोटांच्या पेरांची सालं निघायची, म्हणून मुली त्यांवर चिकटपट्टी गुंडाळत. विसर्जनाच्या दिवशी मंडईपासून निघालेली मिरवणूक लक्ष्मी रस्त्यानं अलका चौकाकडे सरकत राहते आणि दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. आमचा नंबर लागायचा मध्यरात्र उलटल्यावर. दादांनी नऊच्या सुमारास लेकीच्या कमरेचा ढोल सोडवला. "बास झालं, घरी चल." तिचा चौदा वर्षांचा चुलतभाऊ मात्र सकाळपर्यंत थांबला. तो वाजवतही नव्हता, पाण्याच्या बाटल्या वाटत होता.

पुढचं मला दादांपेक्षा जास्त लख्ख आठवतं, कारण वार माझ्यावर झाला होता. कोजागरीला मी "पथकाचा रात्रीचा चहा-नाश्ता" असं वाचलं आणि ही उभी राहिली. "काका, ह्यात आम्ही अकरा मुली धरल्यात का? आम्हाला तर रात्रीच्या आधीच घरी पाठवलं. आमचा नाश्ता कुणी खाल्ला?" गच्ची हसली. मी कागद खालीवर केले. दादा हसले नाहीत.

"त्या रात्री मला झोप लागली नाही," दादा मांडवात सांगत होते. "मी मनाशी म्हणत होतो, पोरी दमतात म्हणून धाडलं. आधीच्याच वर्षी एकीला चक्कर आली होती ना! मग हिला विचारलं, तर म्हणाली, बाबा, दुपारपासून आम्ही कुणी पाणीच पीत नाही. प्यायलो तर जायचं कुठे?"

मांडवातल्या बायका एकदम गप्प झाल्या. हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी काय झालं ते मी पाहिलंय. गणपती बसायच्या आधीच दादा मिरवणुकीच्या रस्त्यावर घरं शोधत फिरले. ओळखीच्या, ओळखीच्या-ओळखीच्या अशा तीन घरी त्यांनी शब्द टाकला, की त्या रात्री दार उघडं असू द्या, पोरी येऊन जातील. एका आजींनी तर चहाही ठेवला. मंडळात नियम ठरला तो असा, की थांबायची वेळ सगळ्यांना एकच. जो दमेल त्यानं जावं, मुलगा असो वा मुलगी, पण एकट्यानं नाही, जोडीनं. त्या पहाटे पहिला कोण गळाला असेल? तोच बाटल्यावाला.

दोनच गोष्टी बदलल्या होत्या, उघडं दार आणि घड्याळ. तरी त्यासाठी आम्हा बाप्यांना इतकी वर्षं लागली, आणि मुली नाजूक असतात हे आम्ही तोवर खात्रीनं एकमेकांना सांगत होतो. मीसुद्धा.

दादा मग जरा मोकळे झाले. "व्याहीबुवा, आताच सांगून ठेवतो. घरच्या फ्यूजला ही हात घालते, पोळ्यांना नाही. पोळ्या धाकट्याला येतात. दोघांना दोन्ही शिकवायला बसवलं होतं, ज्याला जे जमलं ते त्यानं उचललं." व्याही म्हणाले, "मग धाकट्यालाही पाठवा." विहीणबाई खळखळून हसल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"तर त्या वर्षी नऊ वाजता मी हिला घरी नेली," दादा समेवर येत म्हणाले, "ती चूक आज सगळ्यांसमोर..."

"बाबा," स्टेजवरून मुंडावळ्या सावरत आवाज आला, "नऊ नव्हते. साडेआठ."

दादांनी माइक तसाच धरून मांडवात मला शोधलं. "खजिनदार, नोंद दुरुस्त करा."