सात पी आणि शेजारचा क्लास: माझ्या असाइनमेंटचा अनुभव

सेवा विपणनाच्या असाइनमेंटसाठी मी घराशेजारचा शिकवणीचा क्लास घेतला. पहिला मसुदा एका बैठकीत लिहून झाला. सात पी, म्हणजे सेवेकडे पाहण्याच्या इंग्रजी 'पी'ने सुरू होणाऱ्या सात बाजू, म्हणून सात परिच्छेद. प्रॉडक्ट म्हणजे शिकवणी, प्राइस म्हणजे फी, प्लेस म्हणजे वर्गाची खोली. मॅडमनी तो परत दिला आणि विचारलं, "यातलं कुठलं वाक्य फक्त याच क्लासचं आहे?" शोधून एकही सापडलं नाही.

मग क्लासच्या बाईंना विचारून चार दिवस संध्याकाळी मागच्या बाकावर बसले आणि मुलांना न्यायला येणाऱ्या पालकांशी बोलले. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच होतं, बाई मुलांकडे वैयक्तिक लक्ष देत नाहीत. मी ते लगेच 'पीपल'खाली टिपलं. पण वर्गात तर उलटं दिसत होतं. बाई प्रत्येकाच्या वहीपाशी थांबत होत्या.

उलगडा झाला तो चाचणीच्या पेपरांवरून. चाचणी शनिवारी व्हायची आणि पेपर हातात यायचे नवव्या-दहाव्या दिवशी, तोवर पुढचा धडा सुरू झालेला असायचा. मी पेपराचा प्रवास कागदावर मांडला: गोळा करणं, तपासणं, वाटणं, पालकांची सही. चोवीस मुलं, एका पेपरला साधारण पाच मिनिटं, म्हणजे तपासणीचं काम जेमतेम दोन तासांचं. उरलेले दिवस गठ्ठा नुसता पडून होता. कारण गैरहजर मुलं तोच पेपर पुढच्या शनिवारी सोडवत, त्यामुळे त्याआधी बाकीच्यांचे पेपर वाटता येत नव्हते.

मूळ चार पींमध्ये पीपल, प्रोसेस आणि फिजिकल एव्हिडन्स हे तीन बूम्स आणि बिटनर या विपणनाच्या अभ्यासकांनी 1981 मध्ये जोडले. हे तिघं एकमेकांत किती गुंतलेले असतात ते मला इथे कळलं. फी पालक भरतात, पण वर्गात ते नसतात. घरी येणारा तपासलेला पेपर हाच त्यांच्यासाठी शिकवण्याचा पुरावा. प्रोसेस अडली की पुरावा उशिरा पोचतो आणि बोल बाईंना लागतो.

दुसऱ्या मसुद्यात प्राइस, प्लेस, प्रमोशन दोन-दोन ओळींत आटोपले आणि बहुतेक जागा या पेपराला दिली. उपाय सुचवला की गैरहजर मुलांना वेगळा पेपर द्यावा आणि बाकीच्यांचे सोमवारी वाटावेत. त्याने तक्रारी कमी होतील असा दावा मात्र केला नाही. मी एकच बॅच पाहिली होती, तीही चारच दिवस.

बाईंना हे दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसरा पेपर काढायला वेळ कुठून आणू?" तो खर्च माझ्या मांडणीत नव्हताच. थोडा विचार करून त्याच म्हणाल्या, "गणितात आकडे बदलले तरी चालेल. भाषेच्या पेपराचं मात्र बघावं लागेल." ती अडचण मी 'मर्यादा' या भागात त्यांच्याच शब्दांत लिहिली.