सहा वाजताचं ऊन

कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि माझ्या मावसभावानं घराच्या सजावटीची थ्रीडी चित्रं आधीच करून द्यायचं काम सुरू केलं, तेव्हा एका खोलीचा एकच व्ह्यू द्यायचो. भर दुपारचा, लख्ख. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

मग एका गिऱ्हाइकाचा वास्तुशांतीनंतर फोन आला. "दादा, एकदा रात्री येऊन बघा." गेलो. सोफ्यामागचा कोपरा अंधारा आणि पीओपीच्या स्पॉटखाली बसलेल्यांच्या डोळ्यांखाली सावल्या. चित्रात हे दिसलंच नव्हतं, कारण कॅमेऱ्यामागे मी एक लपवलेला दिवा ठेवला होता, खोली उजळ दिसावी म्हणून. प्रत्यक्षात तो दिवा कुठून येणार? चूक सरळ माझी होती. तेव्हापासून एका खोलीचे तीन व्ह्यू करतो: सकाळ, संध्याकाळ, रात्र. कॅमेरा तोच, सामान तेच, आणि घरात जो बसणार नाही असा एकही दिवा नाही.

त्यातही आधी फसलो. स्केचअप या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरला गाव सांगितलं नाही तर ते अमेरिकेतल्या बोल्डरचा सूर्य धरतो. बोल्डर ४० अक्षांशावर, कोल्हापूर पावणेसतरावर. डिसेंबरात भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो, तिथं जेमतेम २७ वर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन आम्ही दुपटीहून जास्त आत आणून दाखवत होतो! आता गाव, वेळ आणि उत्तर दिशा आधी भरतो. उत्तर तर साइटवर जाऊनच बघतो, कारण प्लॅन काढणारा बऱ्याचदा दरवाजा खाली यावा म्हणून नकाशा फिरवून ठेवतो.

याचा खरा उपयोग कळला तो नागाळा पार्कातल्या एका निवृत्त सरांच्या हॉलमध्ये. हॉल पूर्व-पश्चिम १६ फूट. पश्चिमेला मोठी खिडकी, तिचा वरचा काठ ७ फुटांवर, खालचा ३ वर. टीव्ही समोरच्या पूर्वेच्या भिंतीवर. सकाळचा व्ह्यू शांत आला. थेट ऊन नाही, नुसता आभाळाचा निळसर उजेड. काकूंनी पसंत केलेली राखाडी भिंत त्यात जरा थंड वाटत होती, इतकंच.

संध्याकाळचा व्ह्यू मार्चअखेरचा, सहाचा घेतला. तेव्हा सूर्य दहाएक अंशांवर आणि जवळजवळ नेमका पश्चिमेला असतो. इतकं तिरपं ऊन १६ फूट जाताना पावणेतीन फुटांच्या आसपास खाली उतरतं. म्हणजे खिडकीचा उजेड समोरच्या भिंतीवर जमिनीलगतपासून सव्वाचार फुटांपर्यंत पडणार. टीव्ही तीन ते पाच फुटांत. काकू चित्राकडे बघून म्हणाल्या, "अहो, सिरियलच्या वेळेला पडद्यावर ऊनच दिसणार की!" सर म्हणाले, पडदा ओढू. मग सहा वाजता दिवा लावून बसायचं का, असा काकूंचा सवाल. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर गेला. नुसत्या दुपारच्या व्ह्यूवर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, आमच्याही नाही.

रात्रीच्या व्ह्यूत खरी परीक्षा एक्स्पोजरची, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं त्याची. ऑटोवर सोडलं तर सॉफ्टवेअर रात्र ओढून दुपारइतकी उजळ करतं आणि सहा स्पॉट पुरेसे आहेत असा भास होतो. हातानं सेट केलेलं बरं. पण सकाळचाच आकडा ठेवला तर चित्र काळंकुट्ट येतं, कारण आपला डोळा अंधाराला सरावतो, चित्र सरावत नाही. म्हणून मी मधला आकडा घेतो: खोली नीट दिसावी, पण सकाळपेक्षा गडदच राहावी. हे गणित नाही, अंदाज आहे. व्हाईट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, मात्र तिन्हींना एकच ठेवतो, नाहीतर दिव्याचा पिवळेपणा पुसला जातो.

सरांना दोन रात्री दाखवल्या. एकीत सगळे स्पॉट चालू: खोली बँकेसारखी सपाट. दुसरीत फक्त छताच्या कडेला लपवलेली कोव्हची पट्टी आणि कोपऱ्यातला उभा दिवा, दोन्ही पिवळसर उजेडाचे, ३००० केल्विनचे. दुसरी पसंत पडली, पण तिच्यात राखाडी भिंत खाकी झाली होती. काकूंनी रंग दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली निवडलेला. मग भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना मारून तो तिन्ही वेळा बघायला सांगितलं. स्क्रीनवरच्या रंगावर भिंत रंगवू नये, माझ्या स्क्रीनवरच्याही नाही.

त्याच रात्री साडेदहाला सरांचा फोन: "सकाळचं चित्रसुद्धा पिवळं दिसतंय." मी अर्धा तास फाईल तपासत बसलो. त्यांच्या मोबाईलचा रात्रीचा मोड चालू होता. आता व्हॉट्सअॅपवर आधी काही पाठवत नाही, लॅपटॉप घेऊन घरीच जातो.