‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ लिहिलेला तो रिपोर्ट: माझा अनुभव

निपाणीतील एका लहान खासगी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून काम करतो. सिफिलिसच्या तपासणीत ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे पॉझिटिव्ह निकालावर संशय घ्यायला मी सुरुवातीच्या वर्षांतच शिकलो होतो. ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’वर मात्र कधी घेतला नव्हता.

पहिला धडा एका गरोदर शिक्षिकेच्या रक्ताने दिला. तिची आरपीआर तपासणी १:२ एवढ्या टायटरला, म्हणजे सीरम दुप्पट पातळ करेपर्यंत, रिअॅक्टिव्ह आली आणि रिपोर्ट हाती पडताच घरात नको ते प्रश्न उभे राहिले. नंतर केलेली टीपीएचए, म्हणजे खुद्द सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणारी तपासणी, नॉन-रिअॅक्टिव्ह निघाली, महिन्याभराने दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या तेव्हाही चित्र तेच राहिले, आणि तिला हा आजार नसल्याचे स्पष्ट झाले. आरपीआर आणि व्हीडीआरएल या तपासण्या सिफिलिसच्या जंतूला थेट शोधत नाहीत. त्या कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधतात, आणि तो पदार्थ आपल्या स्वतःच्या पेशींतही असतो. त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, कधी नुसती गर्भावस्था यांतही ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. असे टायटर बहुधा १:८ च्या खाली असते. पण जुन्या किंवा उपचार झालेल्या सिफिलिसमध्येही ते कमीच असते, म्हणून केवळ आकडा पाहून निवाडा करता येत नाही. तेव्हापासून टीपीएचए केल्याशिवाय मी ‘रिअॅक्टिव्ह’ रिपोर्ट हातावेगळा केला नाही.

दुसरा धडा माझ्या स्वतःच्या चुकीचा. पाचव्या महिन्यातील एका बाईचे रक्त आले होते. कार्डावरील वर्तुळात पन्नास मायक्रोलिटर सीरम पसरवले, वर कोळशाचे कण असलेल्या अँटिजेनचा थेंब सोडला आणि कार्ड आठ मिनिटे यंत्रावर फिरवले. काळ्या गुठळ्या दिसल्या नाहीत. कण मध्यभागी सुबक जमलेही नव्हते, किंचित खरखरीत दिसत होते. पण दिवसअखेरची घाई होती आणि मी ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ लिहून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांचा फोन आला. “अहो, हिच्या तळहातांवर आणि तळपायांवर न खाजणारे तांबूस चट्टे आहेत. सीरम ठेवलंय ना? जरा डायल्यूट करून बघता का?” मनातून थोडा रागच आला होता, तरी फ्रीजमधून नळी काढली आणि सलाइन घालून सीरम दर पायरीला दुप्पट पातळ करत गेलो. १:२ ला काहीच नव्हते, १:४ ला अंधूक दाणे होते, १:१६ ला दुरूनही दिसतील अशा गुठळ्या होत्या, आणि त्या १:१२८ पर्यंत टिकल्या. टीपीएचएही रिअॅक्टिव्ह आली.

हाच प्रोझोन परिणाम. गुठळी होण्यासाठी एका प्रतिद्रव्याने दोन कणांना एकमेकांशी जोडावे लागते. प्रतिद्रव्ये फारच जास्त असली, तर प्रत्येक कण त्यांनीच चहूबाजूंनी झाकला जातो आणि दुसऱ्या कणाला धरण्यासाठी जागा उरत नाही. म्हणजे ज्या अवस्थेत प्रतिद्रव्ये भरपूर असतात त्या दुय्यम सिफिलिसमध्येच पातळ न केलेले सीरम फसवते. हे क्वचित घडते, पण गरोदर स्त्रीच्या बाबतीत त्याची किंमत पोटातील बाळ मोजते. मी तोच रिपोर्ट दुरुस्त करून डॉक्टरांकडे स्वतः नेऊन दिला. त्यांनी त्याच दिवशी बेंझाथीन पेनिसिलीनचे चोवीस लाख युनिट दिले आणि नवऱ्यालाही बोलावून घेतले.

तीन महिन्यांनी आमच्याकडे तिचे टायटर १:३२ आले. दोन पायऱ्यांची, म्हणजे चौपट घट ही उपचार लागू पडल्याची खूण मानतात. एका पायरीचा फरक तपासणीच्या स्वाभाविक चुकीतही येतो. पुढे ती बाळंतपणासाठी कोल्हापूरकडे माहेरी गेली. तिथल्या रिपोर्टवर व्हीडीआरएल १:८ आणि टीपीएचए पॉझिटिव्ह असे लिहिले होते. सासूबाई दोन्ही कागद घेऊन आमच्या काउंटरवर आल्या. “आजार कमी झाला का तसाच आहे? पॉझिटिव्ह तर अजून लिहिलंय.” टीपीएचए बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, हे त्यांना पटवता आले. १:३२ वरून १:८ झाले असे मात्र मला म्हणता येईना, कारण आरपीआरचा आकडा व्हीडीआरएलपेक्षा बऱ्याचदा थोडा वरचा येतो आणि दोन वेगळ्या पद्धतींची तुलना करता येत नाही. बाळंतीण परतल्यावर आमच्याच लॅबमध्ये आरपीआर केली. टायटर १:८ आले.

आता टायटरशेजारी तपासणीचे नाव मी ठळक छापतो. वर्तुळ खरखरीत दिसले, किंवा चिठ्ठीवर पुरळ अथवा गरोदरपण लिहिलेले असले, तर १:१६ पर्यंत पातळ करून पाहिल्याशिवाय ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ लिहीत नाही. एका रुग्णामागे चार-पाच वर्तुळे जास्त खर्च होतात, आणि त्यावरून आमचे मालक दर महिन्याला कुरकुर करतात.