बेरीज जुळली, पण रकाने उलटे होते

एका पुरवठादाराची मालयादी आमच्या प्रणालीत आयात होताना थांबली. चौथ्या ओळीत संख्येच्या जागी मजकूर आढळल्याची सूचना पडद्यावर आली. फाईल उघडली, तेव्हा चौथ्या ओळीत रकान्यांची शीर्षकेच होती. त्यामुळे सहकाऱ्याने ती ओळ वगळून आयात पुन्हा चालवावी असे सुचवले. चाचणीच्या प्रतीवर तसे करताच सहाव्या ओळीवर आदेश क्रमांक नसल्याची तक्रार आली.

त्याचे कारण लवकर सापडले. A5 ते A9 हे कक्ष एकत्र जोडलेले होते आणि जोडलेल्या कक्षांतील मूल्य फक्त वरच्या डाव्या कक्षात साठवले जाते. उरलेले चार कक्ष वाचणाऱ्या प्रोग्रामला रिकामेच दिसतात. वरचे मूल्य खाली ओढून भरणे सोपे होते, परंतु A12 खरोखरच रिकामा होता, कारण तो माल आदेशाविना आलेला होता, आणि सरसकट भरणी केली असती तर त्याला भलताच आदेश क्रमांक चिकटला असता. म्हणून पायथनच्या openpyxl मधील `ws.merged_cells.ranges` मधून जोडलेल्या कक्षांच्या मर्यादा घेऊन तेवढ्यातच मूल्य भरले.

A12 चा माल आदेशाविना म्हणून नोंदवल्यावर आयात निर्वेध पार पडली आणि एकूण रक्कमही पुरवठादाराच्या बेरजेशी तंतोतंत जुळली. सहकाऱ्याच्या दृष्टीने काम संपले होते. मला मात्र एका ओळीतील 48.50 नग खटकले, कारण अर्धा नग कोणी पाठवत नाही.

ओळींचे क्रमांक नीट पाहिले, तर 1 नंतर थेट 3 येत होता. दुसरी ओळ लपवलेली होती आणि तिच्यात जुनी शीर्षके होती: आधी नगसंख्या, मग दर. चौथ्या ओळीतील नव्या शीर्षकांत हाच क्रम उलटा होता. आमचा प्रोग्राम ‘वस्तू संकेतांक’ हे शब्द असलेली पहिली ओळ शीर्षक मानत असे, आणि लपवलेली ओळ माणसाला दिसत नसली तरी प्रोग्रामला दिसते. त्यामुळे 48.50 दर आणि 120 नग यांची अदलाबदल होऊन 120 दराने 48.50 नग नोंदले गेले. गुणाकार दोन्हीकडून 5,820 च येतो; ज्या बेरजेवर आम्ही विसंबत होतो, ती ही चूक पकडूच शकत नव्हती. पहिली सूचना आली नसती तर साठ्याचे सगळे आकडे मुकाट्याने बिघडले असते, असे माझे मत आहे.

लपवलेली ओळ सरसकट वगळावी, हाही उपाय मला पटला नाही, कारण काही पुरवठादार खरी शीर्षके लपवून वर सजवलेले मथळे ठेवतात. त्याऐवजी शीर्षकासारख्या दोन ओळी आढळल्या की प्रोग्राम थांबतो, `ws.row_dimensions[2].hidden` तपासून कोणती ओळ लपवलेली आहे ते सांगतो आणि निवड माणसावर सोपवतो. नगांच्या मालात अपूर्णांक आला तर ओळ नाकारली जाते. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाला ही कसोटी लागू पडत नाही, म्हणून तिथे आलेला दर मागील खरेदीच्या दराशी ताडून पाहिला जातो.